दिवाळीचा अर्धा टक्का

हिंगोलीचा दसरा मराठवाड्यात नावाजलेला आहे. रामलीला मैदानावरची गर्दी ओसरते न ओसरते तोच जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत दुसऱ्या एका उत्सवाला सुरुवात होते. हा उत्सव ठेवींचा. वर्तमानपत्राच्या घडीतून रंगीत पत्रके घरात येतात, बसस्थानकासमोर कापडी फलक लागतात, आणि बँकेचा शिपाई निवृत्त मास्तरांच्या दारात मिठाईचा पुडा घेऊन उभा राहतो. पत्रकाचा मजकूर ठरलेला असतो. दीपावलीनिमित्त खास ठेव योजना, मुदत 444 दिवस, सर्वांना अमुक टक्के, ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का अधिक, योजना मर्यादित काळासाठी, अटी सोप्या आणि सुटसुटीत. तळाशी संचालक मंडळाची छायाचित्रे. ती इतकी असतात की व्याजदराचा आकडा शोधून काढावा लागतो.

सहकारी बँकेने ठेवी मागू नयेत, असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. ठेवीवाचून बँक चालत नाही, आणि सावकाराच्या तावडीतून सुटायला बँकेवाचून दुसरा मार्ग या देशातल्या सामान्य माणसाला मिळालेला नाही. वैकुंठभाई मेहता आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकाराची उभारणी केली ती याच जाणिवेने. ज्येष्ठ नागरिकाला चढा दर देण्यातही गैर काही नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनीच ती मुभा दिलेली आहे. आक्षेप ‘सोप्या अटी’ या दोन शब्दांना आहे. पत्रकावरच्या अटी सोप्या दिसतात, कारण ज्या अटींवर म्हाताऱ्या माणसाच्या पैशाचे बरेवाईट ठरते त्या तिथे छापलेल्याच नसतात.

प्रथम त्या अर्ध्या टक्क्याची किंमत मोजून पाहू. कळमनुरी तालुक्यातले जिल्हा परिषदेचे एक निवृत्त शिक्षक कल्पावेत. उपदान, निवृत्तिवेतनाच्या अंशाचे रोखीकरण, भविष्य निर्वाह निधी असे सर्व मिळून त्यांच्या हाती 20 लाख रुपये आले. आयुष्यात एवढी रक्कम एकदम त्यांनी कधी पाहिलेली नाही आणि पुन्हा पाहणारही नाहीत. त्यांनी ती सगळी एकाच सहकारी बँकेत ठेवली. सणाचा अर्धा टक्का त्यांना वर्षाकाठी 10,000 रुपये जास्त देईल, म्हणजे महिन्याला सुमारे 833. निवृत्त माणसाच्या घरात हा पैसा औषधांना उपयोगी पडतो, म्हणून त्याला क्षुल्लक म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु या 10,000 रुपयांच्या बदल्यात मास्तरांनी काय दिले? ठेव विमा महामंडळाचे संरक्षण एका बँकेतल्या एका ठेवीदारास, मुद्दल आणि व्याज धरून, 5 लाख रुपयांपर्यंतच आहे. बँकेच्या किती शाखांत किती पावत्या केल्या याला महत्त्व नाही. एकाच नावाच्या सगळ्या पावत्या एकत्र मोजल्या जातात. तेव्हा उरलेल्या 15 लाखांना कोणतीही हमी नाही. वर्षाला 10,000 रुपयांच्या मोबदल्यात 15 लाखांची जोखीम माणसाने पत्करली आहे, आणि आपण ती पत्करली हे त्याला कोणी सांगितलेलेही नाही.

जास्त बारीक गोष्ट अशी की, पुरते 5 लाख ठेवणाराही पूर्ण सुरक्षित नसतो. विम्याची मर्यादा व्याजासह मोजली जाते. ज्याने पाच लाखांची पुनर्गुंतवणूक ठेव केली त्याचे साठत गेलेले व्याज पहिल्या दिवसापासून मर्यादेबाहेर पडते. मुदतीअखेरचे व्याज धरून बेरीज 5 लाखांच्या आत राहील अशा बेताने, म्हणजे साडेचार लाखांच्या आसपासच, पावती करावी हा साधा हिशेब आहे. तो कोणत्याही पत्रकावर आढळत नाही.

हे भय काल्पनिक नाही. हिंगोलीहून जालन्याकडे जाताना वाटेत मंठा लागते. तिथल्या मंठा अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2020 मध्ये निर्बंध घातले आणि फेब्रुवारी 2022 मध्ये तिचा परवाना रद्द केला. औरंगाबादच्या अजंठा अर्बन सहकारी बँकेवर ऑगस्ट 2023 मध्ये निर्बंध आले आणि एप्रिल 2025 मध्ये तिचाही परवाना गेला. दोन्ही वेळा रिझर्व्ह बँकेने प्रसिद्धिपत्रक काढून दिलासा दिला. मंठ्याच्या बाबतीत 99 टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना त्यांची पूर्ण रक्कम विम्यातून मिळेल असे सांगितले, आणि अजंठाच्या बाबतीत हे प्रमाण 91.55 टक्के सांगितले.

या टक्केवारीत एक फसगत दडलेली आहे आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. ही टक्केवारी ठेवीदारांची आहे, ठेवींची नाही. सहकारी बँकेतली बहुसंख्य खाती शे-पाचशे किंवा काही हजार रुपयांची असतात. भाजीवाल्याचे बचत खाते, विद्यार्थ्याचे शिष्यवृत्तीचे खाते, कधीकाळी उघडून विसरलेले खाते. डोकी मोजली की यांचीच संख्या भरते आणि शेकडा नव्वद-नव्याण्णव लोक सुरक्षित असल्याचा निष्कर्ष निघतो. अजंठाच्या उरलेल्या साडेआठ टक्क्यांत कोण असणार? ज्याच्या नावावर एका बँकेत पाच लाखांहून अधिक आहेत तो. आडत्या असेल, डॉक्टर असेल. परंतु लहान शहरात एकरकमी मोठी रक्कम ठेवून स्वस्थ बसणारा माणूस बहुधा निवृत्त झालेला असतो. व्यापाऱ्याचा पैसा फिरता असतो, तो एका जागी पडून राहत नाही. सणाच्या पत्रकाने ज्याला नाव घेऊन बोलावले तोच हा माणूस, आणि प्रसिद्धिपत्रकाच्या टक्केवारीत तोच वगळलेला.

या माणसाच्या वाट्याला पुढे काय येते तेही पाहिले पाहिजे. निर्बंध आले की खिडकीवर पैसे मिळणे थांबते किंवा रिझर्व्ह बँक ठरवील तेवढीच किरकोळ रक्कम मिळते. 2021 च्या दुरुस्तीनंतर विम्याचे 5 लाख निर्बंधांपासून 90 दिवसांत मिळावेत अशी तरतूद झाली आहे आणि ती स्वागतार्ह आहे, कारण तिच्या आधी लोकांनी परवाना रद्द होईपर्यंत वर्षानुवर्षे वाट पाहिली. पाच लाखांच्या वरचा भाग मात्र अवसायकाच्या हाती जातो. अवसायक थकलेली कर्जे वसूल करतो, तारण विकतो, आणि त्या वसुलीतून आधी विमा महामंडळाने दिलेली रक्कम फेडावी लागते. त्यानंतर काही उरले तर मोठ्या ठेवीदाराचा विचार. पासष्टीतल्या माणसाला अवसायकाच्या वेगाने चालणे परवडत नाही.

आणखी एक विसंगती येथे नोंदली पाहिजे. विम्याचा हप्ता बँकेकडून घेतला जातो तो तिच्या एकूण ठेवींवर, फक्त विमा असलेल्या भागावर नव्हे. मास्तरांच्या वीस लाखांवर हप्ता भरला जातो, भरपाई पाचच लाखांची. आणि हे पाच लाखही सहज मिळालेले नाहीत. मर्यादा 1 मे 1993 रोजी एक लाख झाली आणि 4 फेब्रुवारी 2020 पर्यंत एकच लाख राहिली. सत्तावीस वर्षे महागाई वाढत होती आणि ठेवीदाराचे संरक्षण होते तिथेच उभे होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा अर्धा टक्का येतो कोठून? संचालक तो खिशातून देत नाहीत. ठेवीवर दिलेले व्याज कर्जावरच्या व्याजातूनच निघाले पाहिजे, आणि येथेच सगळी गोम आहे. समजा बँकेने ज्येष्ठांना सव्वाआठ टक्के दिले. कर्मचाऱ्यांचे पगार, जागेचे भाडे, संगणक, विम्याचा हप्ता असा व्यवस्थेचा खर्च शंभर रुपयांमागे सव्वादोन रुपये धरला, तर शंभर रुपयांची ठेव बँकेला साडेदहा रुपयांना पडते. या शंभरातले 3 रुपये राखीव निधी म्हणून ठेवावे लागतात. 2025 च्या अखेरीचे हे प्रमाण आहे आणि त्यावर व्याज मिळत नाही. आणखी 18 रुपये सरकारी रोख्यांत गुंतवावे लागतात. त्यांवर साडेसहा टक्के धरले तर 1 रुपया 17 पैसे येतात. राहिलेले 79 रुपये कर्जाने देऊन 9 रुपये 33 पैसे मिळवायचे, म्हणजे कर्जाचा दर पावणेबारा टक्क्यांच्या वर गेलाच पाहिजे. एवढ्याने खर्चाची फक्त तोंडमिळवणी होते. त्यात एक रुपयाही बुडीत धरलेला नाही आणि नफाही धरलेला नाही. तो धरला की दर तेरा-चौदा टक्क्यांवर जातो.

हिंगोली जिल्ह्यात तेरा-चौदा टक्क्यांनी कर्ज कोण घेईल? पीककर्ज घेणारा शेतकरी नव्हे. त्याला व्याज सवलतीचे कर्ज जिल्हा बँकेतून किंवा राष्ट्रीयीकृत बँकेतून मिळते, किंवा मिळायला हवे. वसमतच्या मोंढ्यातला हळदीचा जम बसलेला व्यापारीही नव्हे. गोदामातला माल तारण ठेवून त्याला दुसरीकडे स्वस्तात पैसा मिळतो. चौदा टक्के मुकाट्याने कबूल करणारा बहुधा तोच असतो ज्याला अन्य कोणी उभे करीत नाही. अर्धवट बांधलेल्या इमल्याचा मालक असतो, एका बँकेचे थकलेले कर्ज दुसऱ्या बँकेच्या कर्जाने फेडू पाहणारा असतो. चढ्या दराच्या कर्जदारांत बुडवणाऱ्यांचे प्रमाण अधिक असते, ही गोष्ट बँक व्यवसायात मुरलेला कोणताही कारकून सांगेल. तेव्हा ठेवीचा दर वाढवणे म्हणजे निव्वळ ठेवीदारावरची मेहेरबानी नव्हे. पैसा अधिक धोक्याच्या कर्जात घालण्याची ती तयारी आहे. शेजारच्या बँकांपेक्षा एखादी बँक एक-दीड टक्का जास्त देऊ लागली की तिला पैशाची निकड का पडली, हा प्रश्न पत्रक वाचतानाच मनात यायला हवा. जुन्या ठेवीदारांचे पैसे परत करण्यासाठी नवे ठेवीदार गोळा करणाऱ्या संस्थेचे पत्रक सर्वांत रंगीत असते.

यावर सहकारातले लोक म्हणतील की, बँक सभासदांच्या मालकीची आहे, लोकशाही पद्धतीने चालते, वार्षिक सभेत जाब विचारा. हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे, पण कायद्याच्या रचनेत तो टिकत नाही. नागरी सहकारी बँकेत कर्ज घ्यायचे तर सभासद व्हावे लागते. ठेव ठेवायला सभासद व्हावे लागत नाही. याचा परिणाम असा झाला आहे की, मतदारयादी कर्जदारांनी भरते आणि ठेवीदार यादीबाहेर राहतो. पैसा ठेवीदाराचा, मत कर्जदाराचे. कर्जदाराचे हित कर्ज स्वस्त, सैल आणि वसुलीच्या तगाद्यावाचून मिळावे यात असते. ठेवीदाराचे हित नेमके याच्या उलट असते. ज्या मंडळावर एका बाजूने निवडून यायचे त्या मंडळाने दुसऱ्या बाजूची काळजी वाहावी ही अपेक्षा संतांकडून करावी, निवडणूक लढवणाऱ्या माणसांकडून नव्हे. 2011 सालच्या मालेगाम समितीने व्यावसायिक जाणकारांच्या व्यवस्थापन मंडळाची कल्पना मांडली आणि रिझर्व्ह बँकेने 2019 च्या अखेरीस शंभर कोटींवरील ठेवींच्या नागरी बँकांना असे मंडळ नेमण्यास सांगितले. पण त्याची नेमणूकही संचालक मंडळच करते. ठेवीदाराचे मत तिथेही नाही.

खाजगी भांडवलाच्या बँकेत भागधारकांची सत्ता असते हे समाजवाद्यांना मान्य नव्हते, म्हणून 1969 मध्ये चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचे त्यांनी स्वागत केले. सहकारात भांडवलदाराची सत्ता नसते हे खरे. पण तिथे कर्जदाराची सत्ता आली आणि निवृत्त शिक्षक, तलाठी, नर्स, एस. टी. चा वाहक यांच्या आयुष्यभराच्या कमाईला त्या सत्तेत वाटा मिळाला नाही. हाही एक वर्गप्रश्न आहे आणि सहकाराचे नाव घेऊन तो झाकता येणार नाही.

पत्रकावर नसलेल्या बाकीच्या अटी त्या मानाने लहान आहेत, पण घरातल्या हिशेबाला त्याही जाचतात. पावती मुदतीआधी मोडावी लागली तर सणाचा दर मिळत नाही. जितके दिवस पैसा बँकेत राहिला तितक्या मुदतीचा साधा दर लागतो आणि त्यातून दंड वजा होतो. समजा, चार लाखांची 444 दिवसांची पावती सव्वाआठ टक्क्यांनी केली आणि सात महिन्यांनी, 210 व्या दिवशी, पत्नीला शस्त्रक्रियेसाठी नांदेडला न्यावे लागले. त्या मुदतीचा दर सहा टक्के आणि दंड एक टक्का असेल तर हातात पाच टक्क्यांप्रमाणे 11,507 रुपये व्याज पडते. मनात धरलेले होते 18,986. साडेसात हजारांची ही तूट ज्या अर्ध्या टक्क्यासाठी पत्करली तो पूर्ण 444 दिवसांत 2,433 रुपयेच देणार होता. हेच चार लाख एक-एक लाखाच्या चार पावत्यांत ठेवले असते तर गरजेपुरती एकच मोडता आली असती. पावत्या वेगळ्या करून द्यायला बँकेला खर्च येत नाही. विचारल्याशिवाय मात्र ती करून देत नाही.

मग ते 444 दिवस. वर्ष नाही, दीड वर्ष नाही, हा विचित्र आकडा कशासाठी? धनत्रयोदशीला, 18 ऑक्टोबर 2025 रोजी, केलेली ठेव 5 जानेवारी 2027 रोजी पिकते. त्या दिवशी ना सण ना पगार. ठेवीदाराच्या ध्यानात राहील असे त्या तारखेत काही नाही. तारीख चुकली आणि पावती आपोआप नूतनीकरणाची नसली, तर रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या नियमाप्रमाणे पुढच्या दिवसांना बचत खात्याचा दर किंवा ठरलेला दर यांपैकी कमी असेल तोच मिळतो. नूतनीकरण आपोआप झाले तर ते त्या वेळच्या दराने होते, आणि दर खाली येत असताना तो कमीच असणार. 2025 या एका वर्षात रेपो दर साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर आला. सणाचा चढा दर एवढ्या आखूड मुदतीला का दिला जातो, हे यावरून कळावे.

काही पत्रकांवर ‘वार्षिक उत्पन्न 9.72 टक्के’ अशा धर्तीचा आकडा ठळक असतो आणि खरा दर बारीक अक्षरात. तो आकडा खोटा नसतो, फक्त फसवा असतो. आठ टक्के दराने तिमाही चक्रवाढीने पाच वर्षांत लाखाचे 1,48,595 होतात. वाढलेल्या 48,595 ला पाचाने भागले की वर्षाला 9.72 टक्के निघतात. व्याजावरचे व्याज आधी मिळवायचे आणि मग ते साध्या व्याजासारखे वाटून दाखवायचे, असा हा हिशेब आहे. दरमहा व्याज घेणाऱ्या पेन्शनराला तर याचा काहीच उपयोग नाही. त्याला लाखामागे महिन्याला 667 नव्हे, सुमारे 662 रुपये मिळतात, कारण तिमाहीचे व्याज आधी उचलल्याबद्दल बँक कसर कापते.

दराबाबत आणखी एक खूण आहे. एकाच दिवशी, एकाच मुदतीला आलेल्या ठेवींत, मोठ्या ठेवींचा अपवाद सोडता, बँकेने भेदभाव करू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. छापील दर एक असताना शाखाधिकारी कानाशी लागून “काका, फक्त तुमच्यासाठी पाव टक्का वाढवून देतो” असे म्हणू लागला, तर काकांनी पावती न करता उठून यावे. जी बँक ठेव घेताना नियम मोडते ती कर्ज देताना तो पाळत असेल असे मानायला आधार नाही.

येथवर चर्चा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँकांची झाली. पतसंस्था आणि बहुराज्य पतसंस्था यांची गोष्ट अधिक गंभीर आहे. त्यांच्या ठेवींना ठेव विमा मुळीच नाही, पाच लाखांचाही नाही. परंतु दुकानाची पाटी तशीच, काऊंटर तसेच, दिवाळीचे पत्रकही तसेच, आणि गावातला माणूस दोहोंनाही ‘बँक’च म्हणतो. बीडमध्ये मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेटने मराठवाड्यात शाखांचे जाळे विणले आणि बँकांपेक्षा पुष्कळ चढे व्याज देऊ केले. 2023 च्या दसरा-दिवाळीच्या सुमारास तिथे पैसे काढणाऱ्यांची रांग लागली आणि खिडक्या बंद झाल्या. ठेवीदारांचा पैसा संस्थेच्या अध्यक्षाच्याच उद्योगसमूहाकडे कर्जरूपाने वळवला गेला, असा आरोप सक्तवसुली संचालनालयाने ठेवला आहे. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. पण बहुराज्य संस्थेचा निबंधक दिल्लीत बसतो, आणि सेनगावच्या म्हातारीने पावती घेऊन दिल्लीला जावे अशी ही रचना कोणी आणि कोणाच्या सोयीसाठी केली, एवढे तरी विचारता येईल. ‘बँक’ हा शब्द नावात वापरायला पतसंस्थांना कायद्याने मनाई आहे. म्हणून पावतीवरचे संस्थेचे पूर्ण नाव वाचणे हीच त्यातल्या त्यात सोपी तपासणी ठरते.

“मग ज्येष्ठांनी पैसा ठेवावा तरी कोठे?” असा प्रतिप्रश्न येतो. डाकघरातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर 1 एप्रिल 2023 पासून 8.2 टक्के झाला आणि 2025 अखेरही तोच राहिला. मर्यादा 30 लाखांची आणि हमी भारत सरकारची. मास्तरांचे वीस लाख तिथे दर तिमाहीला 41,000 रुपये देतात. मुदत पाच वर्षांची आहे, आणि एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत खाते मोडले तर मुद्दलाच्या दीड टक्का कापला जातो. हा दर माहीत असलेल्या माणसाला सहकारी बँकेचे सव्वाआठ टक्के भुलवू शकणार नाहीत. तरीही तो सहकारी बँकेत जातो, आणि याची जबाबदारी सरकारवरही आहे. डाकघरात एकच खिडकी, तिच्यापुढे रांग, यंत्रणा बंद पडलेली, बोटाचा ठसा जुळत नाही म्हणून म्हाताऱ्याला दोनदा परत पाठवलेले. सहकारी बँकेतला शिपाई त्यालाच हाताला धरून खुर्चीवर बसवतो, त्याचा अर्ज भरून देतो, त्याच्या मुलाची चौकशी करतो. या आपुलकीला मोल आहे. ती खरी असते आणि सहकाराची खरी ताकदही तीच. म्हणूनच तिच्या आधाराने अर्धवट माहितीचे पत्रक विकले जाते, याचा संताप अधिक येतो.

मागणी साधी आहे. सणाची योजना जाहीर करणाऱ्या प्रत्येक सहकारी बँकेने पत्रकाच्या दर्शनी भागावर, व्याजदराच्या आकड्याएवढ्याच मोठ्या मराठी अक्षरांत, चार वाक्ये छापावीत. या बँकेतल्या तुमच्या सर्व ठेवींना मिळून व्याजासह पाच लाखांपर्यंतच विमा आहे. मुदतीआधी मोडल्यास अमुक दर आणि अमुक दंड लागेल. मुदत अमुक तारखेला संपेल आणि त्यानंतर असे होईल. आणि 31 मार्चच्या ताळेबंदाप्रमाणे बँकेची निव्वळ थकीत कर्जे शेकडा इतकी, भांडवल पर्याप्तता शेकडा इतकी, लेखापरीक्षणाचा वर्ग हा. छायाचित्रे कमी केली की जागा सहज होईल. त्याबरोबर अमुक एका रकमेवर आणि अमुक वर्षांहून अधिक काळ ठेव असलेल्या व्यक्तींच्या मतदारसंघातून किमान दोन संचालक निवडले जावेत, अशी दुरुस्ती विधिमंडळाने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात करावी. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेच्या ठेवींना, निदान पहिली काही वर्षे, विम्याची वेगळी आणि वाढीव मर्यादा असावी, आणि ती महागाईबरोबर आपोआप वाढत जावी.

चौथ्या वाक्यातले आकडे तयार नाहीत, अशी सबब कोणत्याही संचालक मंडळाला सांगता येणार नाही. कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि त्या सभेपुढे लेखापरीक्षित ताळेबंद मांडावा लागतो. दसरा-दिवाळीचे पत्रक छापखान्यात जाते ते बहुधा त्याच सुमारास.